पतियाळ्याला आनंद कारजला जातोय: कधी उठायचं, कधी बसून राहायचं?

मृणाल_सातारा

ऑफिसातल्या मैत्रिणीचं आनंद कारज, म्हणजे शीख पद्धतीचं लग्न आहे, पतियाळ्याला, गुरुद्वारात. पत्रिकेत सकाळी दहाची वेळ दिली आहे. मी, नवरा, सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा असे चौघे जाणार आहोत. नांदेडला दर्शनाला जाऊन आलोय, त्यामुळे डोकं झाकणं, चपला काढणं एवढं ठाऊक आहे. पण लग्नाला पाहुणा म्हणून तास-दीड तास आत बसणं निराळं. आपल्याकडे मंगलाष्टकं सुरू झाली की सगळे उभे राहतात, हातात अक्षता असतात, काय करायचं ते लहान मुलालाही कळतं. तिथे चार फेऱ्या सुरू झाल्यावर आपण उठायचं की बसायचं? चार फेऱ्यांचे चार मंत्र असतात म्हणे, त्यात काय असतं? आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना खाली बसणं जमत नाही. आहेराचं पाकीट कधी द्यायचं हेही सांगा. मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणते, "तू बस ये जा यार." तिच्याकडून यापेक्षा जास्त काही कळणार नाही असं दिसतंय.

आबा_पेठकर

सोपं आहे. आपल्या सप्तपदीचाच तो प्रकार. चार फेरे म्हणजे धर्म, अर्थ, काम, मोक्ष. अग्नीऐवजी मध्ये ग्रंथसाहेब असतात एवढाच फरक. फेरे चालू असताना मान म्हणून उभं राहावं. डोक्यावर कुठलीही टोपी चालते. मी दिल्लीत एका लग्नाला गांधी टोपी घालून गेलो होतो, कोणी काही बोललं नाही.

नांदेडकर_सिंग

आबा, रागावू नका, पण यातलं निम्मं बरोबर आहे आणि निम्म्यानं मृणालताई अडचणीत येतील.

मध्ये गुरू ग्रंथ साहिब असतात आणि फेऱ्या चार असतात, हे बरोबर. पण फेऱ्यांच्या वेळी ज्या चार लावां, म्हणजे चार कडवी म्हणतात, त्यांच्या पाठात धर्म-अर्थ-काम-मोक्ष ही जोडणी नाही. आणि फेऱ्या चालू असताना संगत उभी राहत नाही. नवरा-नवरी चालतात, बाकी सगळे बसून ऐकतात. तुम्ही एकटेच उभे राहिलात तर मागच्यांना दिसणार नाही आणि कोणीतरी सेवादार येऊन हळूच खाली बसायची खूण करेल.

ताई, क्रम सांगतो, म्हणजे उठण्या-बसण्याचं आपोआप कळेल. आमच्या नांदेडच्या हजूर साहिबची मर्यादा काही बाबतींत वेगळी आहे, पण लावां त्याच. पंजाबात बहुतेक ठिकाणी शिरोमणी कमिटीच्या रहत मर्यादेप्रमाणे, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेप्रमाणे चालतं.

आधी दारात मिलनी होते. दोन्हीकडचे वडील, मग मामा, काका असे जोडीजोडीनं हार घालून गळाभेट घेतात. तिथे तुम्ही नुसतं बघायचं. मग चहा-नाश्ता. वरात बहुधा उशिरा येते, त्यामुळे दहा म्हणजे दहा समजू नका. मात्र लावां दुपारच्या आत उरकायचा रिवाज असल्यामुळे एकदा आत गेलं की कार्यक्रम भराभर होतो. नवरा सेहरा, कलगी लावून आला असेल तर ती दरबारात, म्हणजे गुरू ग्रंथ साहिब असतात त्या दालनात जाण्याआधी उतरवतो.

आत गेलात की मधल्या वाटेनं सरळ पुढे जाऊन मत्था टेकायचा. तुम्ही शीख नाही म्हणून हात जोडून मान लववलीत तरी चालतं. गोलकेत, म्हणजे दानपेटीत दहा-वीस रुपये टाकायचे तर टाका, नाही टाकले तरी कोणी बघत नाही. मग पाठ न फिरवता दोन पावलं मागे सरकायचं आणि बाजूला जाऊन बसायचं. बऱ्याच ठिकाणी एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष बसतात. मुलगा कुठेही बसला तरी चालतो. पाय पसरायचे नाहीत, तळवे गुरू ग्रंथ साहिबांकडे करायचे नाहीत. पुढे गादी किंवा वेगळी चादर अंथरलेली असेल ती नवरा-नवरीची, त्यावर बसायचं नाही.

कीर्तन आधीच चालू असतं. मुलगा-मुलगी पुढे येऊन बसतात, मुलगी मुलाच्या डाव्या हाताला. मग पहिली अरदास, म्हणजे प्रार्थना. इथेच पाहुणे चुकतात. या अरदासला फक्त मुलगा, मुलगी आणि दोघांचे आईवडील उभे राहतात. बाकी संगत बसलेली असते. पुढची माणसं उठली म्हणून आपण उठायचं नाही.

मृणाल_सातारा

हे कुठल्याच व्हिडिओत कोणी सांगितलं नव्हतं! म्हणजे सगळ्यांनी उठायचं असा प्रसंग येतच नाही?

नांदेडकर_सिंग

येतो, शेवटी. सांगतो.

पहिल्या अरदासनंतर हुकमनामा, म्हणजे गुरू ग्रंथ साहिब उघडल्यावर निघेल ते पद वाचतात, मग ग्रंथ वाचणारे भाईसाहेब दोघांना चार गोष्टी सांगतात. संसार कसा करावा, एकमेकांशी कसं वागावं, असं. ते मान्य आहे म्हणून दोघं मत्था टेकतात. आपल्यासारखं "मी वचन देतो" असं बोलून काही होत नाही, तो वाकलेला माथा हाच होकार. मग पल्ल्याची रस्म. मुलाच्या खांद्यावरच्या पल्ल्याचं टोक मुलीचे वडील तिच्या हातात देतात आणि रागी, म्हणजे कीर्तन गाणारे, "पल्लै तैंडै लागी" हा शब्द म्हणतात. डोळे पुसणारी माणसं दिसतील ती याच वेळी.

आता लावां. भाईसाहेब पहिली लाव गुरू ग्रंथ साहिबांतून वाचतात. वाचून झाल्यावर रागी तीच लाव तबला-पेटीवर गातात आणि त्या गाण्यावर जोडी फेरी घालते. मुलगा पुढे, मुलगी मागे, पल्ला धरून. गुरू ग्रंथ साहिब उजव्या हाताला ठेवून, म्हणजे आपण देवळात प्रदक्षिणा घालतो तसंच. फेरी झाली की मत्था टेकायचा, मग दुसरी लाव. असं चारदा. मुलीचे भाऊ कडेनं उभे राहून बहिणीला हाताला धरून पुढे नेताना दिसतील. तो घराघरांतला रिवाज आहे, काही गुरुद्वारांत तो आता करू देत नाहीत.

चौथी फेरी संपली की टाळ्या वाजवू नका. फुलं, अक्षता काही टाकू नका. जोडी खाली बसते आणि आनंद साहिब सुरू होतं. "अनंदु भइआ मेरी माए" हे शब्द कानावर आले की समजायचं, लग्न लागलं. सहा पौड्या, म्हणजे कडवी म्हणतात, पहिल्या पाच आणि शेवटची. त्यानंतर "तू ठाकुर तुम पहि अरदासि" सुरू होताच सगळी संगत उठते. आता तुम्हीही उठा, हात जोडा, तोंड गुरू ग्रंथ साहिबांकडे. अरदास चालू असताना मधूनमधून सगळे "वाहेगुरू" म्हणतात, तुम्ही गप्प उभे राहिलात तरी चालेल. शेवटी मत्था टेकून जयकारा होतो, सगळे बसतात, हुकमनामा ऐकतात आणि कडाह प्रसाद वाटला जातो.

लुधियाना_रिटर्न

सिंगसाहेबांनी छान सांगितलंय. माझी बँकेतली बरीच वर्षं लुधियान्यात गेली, तेव्हा पाहुण्याच्या बाजूनं थोडी भर घालतो.

डोकं झाकण्याबद्दल. दारात टोपलीत केशरी-पिवळे रुमाल ठेवलेले असतात, पण ते शेकडो डोक्यांवर फिरलेले असतात आणि लग्नाच्या गर्दीत संपतातही. आपला रुमाल आपणच न्यावा. खिशातला हातरुमाल मोठ्या माणसाच्या डोक्याला पुरत नाही, दोन फुटांच्या आसपास लांबी-रुंदीचा सुती चौकोन हवा. तिरका दुमडून त्रिकोण करायचा, लांब कड कपाळावर, दोन टोकं मागे नेऊन गाठ मारायची आणि तिसरं टोक गाठीखाली खोचायचं. मुलाचा रुमाल घट्ट बांधा, पोरं दर पाच मिनिटांनी तो काढून बघतात.

टोपी मात्र नको. आबांना कोणी अडवलं नसेल, पण रहत मर्यादेत शिखांना टोपी मना आहे आणि कित्येक ठिकाणी पाहुण्यालाही टोपी उतरवून रुमाल बांधायला सांगतात. क्रिकेटची कॅप, हॅट तर नाहीच.

साडी नेसणार असाल तर हे वाचा. रेशमी साडीचा पदर डोक्यावर ठरत नाही. मत्था टेकायला वाकलं की तो पुढे घसरतो, आणि हातात मुलाचा हात असेल तर सावरताना धांदल होते. केसांना दोन पिना लावून पदर अडकवा, नाहीतर सरळ सुती ओढणी वेगळी घ्या. पंजाबी ड्रेस सगळ्यांत सोयीचा, खाली बसा-उठायलाही.

खिशात सिगारेट, तंबाखूची पुडी असेल तर ती गाडीतच ठेवा. हे तुमच्या घरी लागू नसेल, पण पुण्याहून लग्नाला आलेल्या एका पाहुण्याला चपला ठेवायच्या जोडाघरापाशी खिसे चाचपत उभं राहिलेलं पाहिलंय.

सोनचाफा

माझाही असाच प्रश्न आहे. भाचा कॅनडात असतो, ब्रॅम्प्टनला. त्याचं एका शीख मुलीशी ठरतंय. तिच्या घरचे म्हणतात आनंद कारजच हवं, आणि तिथल्या एका गुरुद्वारानं सांगितलं की मुलगा शीख नसेल तर आम्ही लावां करणार नाही. मग आम्ही काय करायचं? त्यानं दाढी वाढवायची का?

नांदेडकर_सिंग

ताई, तुमचा प्रश्न पाहुण्यांचा नाही, नवरदेवाचा आहे. रहत मर्यादा सांगते की आनंद कारज शीख मुलगा आणि शीख मुलगी यांचंच व्हावं. काही गुरुद्वारा कमिट्या ते काटेकोर पाळतात, काही पाळत नाहीत. इंग्लंडात यावरून मोठी भांडणं झाली, २०१६ मध्ये लेमिंग्टन स्पाच्या गुरुद्वारात पोलिसांनी पन्नासहून जास्त निदर्शकांना धरलं होतं. एका कमिटीनं हो म्हटलं म्हणून लग्नाच्या दिवशी विरोध होणार नाही असं नसतं. नुसती दाढी वाढवून काही होत नाही. मुलाला खरंच काय मानायचं आहे ते आधी मुलानं ठरवावं, मग घरच्यांनी त्यांच्या गुरुद्वाराच्या कमिटीशी समोरासमोर बोलावं. यावर इथे निकाल लागणार नाही.

सोनचाफा

मुलगा म्हणतो मी सगळं मानतो. आई म्हणते काहीच मानत नाही. बघू.

आबा_पेठकर

टोपीबद्दल मान्य. पण चार फेऱ्यांना काही अर्थ असणारच ना? धर्म-अर्थ-काम-मोक्ष नाही तर मग काय आहे?

नांदेडकर_सिंग

आहे ना, आणि मराठी माणसाला तो नीट ऐकला तर थोडाफार कळतो. लावां चौथे गुरू, गुरू रामदास यांची रचना आहे, राग सूही, गुरू ग्रंथ साहिबांत अंग, म्हणजे पान ७७३ आणि ७७४. शेवटी "नानक" येतं म्हणून गोंधळू नका, ज्या गुरूंची वाणी त्या ग्रंथात आहे ते सगळे त्याच नावानं लिहीत.

कुठली लाव चालू आहे ते पहिल्याच शब्दांवरून ओळखता येतं: हरि पहिलडी लाव, हरि दूजडी लाव, हरि तीजडी लाव, हरि चउथडी लाव. गाताना रागी ओळी पुन्हा पुन्हा घोळवतात, तेव्हा चुकलात तरी परत सापडतं.

पहिलीत संसारात राहून कर्तव्य करण्याची गोष्ट आहे. परविरती म्हणजे आपली प्रवृत्ती, निवृत्तीच्या उलट. घर सोडून जायचं नाही, नाम धरायचं, पाप सोडायचं. आणि शेवटी म्हटलंय की ही पहिली लाव म्हणजे कार्याचा आरंभ. दुसरीत सद्गुरू भेटतो, मनातली भीती जाते, हउमैचा मळ धुतला जातो. हउमै म्हणजे मी-मीपणा. तिसरीत मनाला ओढ लागते, बैराग येतो, संतांची संगत मिळते. चौथीत मन सहज होतं, ठरतं, आणि हरी हाच वर मिळतो.

आता नीट बघा, या चारही लावांत नवऱ्या-बायकोनं एकमेकांना दिलेलं एकही वचन नाही. वधू म्हणजे जीव आणि वर म्हणजे हरी. म्हणजे फेरी घालणारा मुलगासुद्धा त्या वाणीत वधूच आहे. सप्तपदीत पावलापावलाला काहीतरी मागितलेलं असतं, तसं इथे मागणं नाही. म्हणून आबांची जोडणी बसत नाही. लावां ही लग्नाची गाणी नाहीत, त्या भक्तीच्या पायऱ्या आहेत.

आबा_पेठकर

हे पटलं. वारकऱ्याला ऐकायला सांगितलं तर त्याला परकं वाटणार नाही. नामदेवांची ६१ पदं त्याच ग्रंथात आहेत, ते उगाच नव्हे.

चिकित्सक

एक शंका. फेऱ्या झाल्यावर मत्था टेकून जोडी पुढची लाव बसून ऐकते की उभी राहून? मी पाहिलेल्या लग्नांत बसून ऐकतात. आणि दुसरं, नवरीनं लेहेंगा घालू नये असा फतवा निघालाय ना? मग पाहुण्यांनी काय घालायचं?

नांदेडकर_सिंग

रहत मर्यादेत मत्था टेकून उभं राहून ऐकावं असं लिहिलंय. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी बसतात. मोठमोठ्या घेराचा लेहेंगा असेल तर चारदा बसणं-उठणं हीच परीक्षा होते, मैत्रिणी मागून घेर सांभाळत असतात. यावरूनच डिसेंबर २०२३ मध्ये आमच्या नांदेडच्या तख्तावरून सांगितलं गेलं की नवरीनं जड लेहेंग्याऐवजी सलवार-कमीज आणि डोक्यावर चुन्नी घ्यावी. ते नवरीसाठी आहे. फतवा हा शब्द आमच्यात वापरत नाहीत, हुकम किंवा आदेश म्हणा. पाहुण्यांनी अंग नीट झाकणारं, बसता येईल असं काहीही घालावं.

चिकित्सक

पंजाबात तो आदेश कितपत पाळतात?

लुधियाना_रिटर्न

लेहेंगे दिसतात अजून. एवढंच सांगतो.

मृणाल_सातारा

सगळ्यांचे आभार. सासूबाईंचं राहिलं. आणि पाकीट!

लुधियाना_रिटर्न

सासूबाईंसाठी मागच्या भिंतीला लागून किंवा कडेला बाक, खुर्च्या असतात. तिथे बसलं की गुरू ग्रंथ साहिबांच्या सिंहासनापेक्षा आपण उंच होत नाही ना, हे बघितलं जातं, म्हणून खुर्ची पुढे ओढायची नाही. मत्था टेकायला पुढे नेऊन गुडघे वाकवू नका, दारातूनच हात जोडले तरी पुरे. पण सगळीकडे सोय सारखी नाही. लहान गुरुद्वारात खुर्ची असेलच असं नाही, मैत्रिणीला हा एक प्रश्न नक्की विचारा. याला "बस ये जा यार" चालणार नाही.

लंगर हा वेगळा मामला. तिथे पंगत जमिनीवरच असते. लंगरात खुर्च्या-टेबलं नकोत असा शिखांच्या सर्वोच्च पीठाचा, अकाल तख्ताचा १९९८ चा आदेश आहे. म्हाताऱ्या-आजारी माणसांसाठी कडेला सोय करतात, पण आधी विचारून ठेवा. पोळीला तिथे परशादा म्हणतात, दोन्ही हात पुढे करून घ्यायचा. हवं तेवढंच घ्या, पानात टाकू नका.

पाकीट आत द्यायचं नाही. पूर्वी लावां झाल्या की लोक रांगेनं जाऊन नवरा-नवरीच्या झोळीत शगुन टाकत, अजूनही कुठे कुठे टाकतात, पण दरबारात ते बऱ्याच गुरुद्वारांनी बंद केलंय. रिसेप्शन असेल तिथे द्या. रकमेवर एक रुपया जास्त, पाचशे एक, अकराशे एक, हे आपल्यासारखंच.

किरण७९

माझा नवरा अशा लग्नाला फेटा बांधून गेला होता, तयार शिवलेला पुणेरी. चालला. फोटोंमध्ये त्याच्याच डोक्याकडे सगळे बघतायत. पण प्रसाद घेताना त्यानं एक हात पुढे केला आणि वाटणाऱ्या सरदारजींनी थांबून दुसऱ्या हाताकडे बोट दाखवलं. दोन्ही हातांची ओंजळ करायची, बसूनच घ्यायचा. आणि प्रसादात एवढं तूप असतं की नंतर हात कुठे पुसायचे कळत नाही.

नांदेडकर_सिंग

सतरंजीला पुसू नका! लोक तळहातांवरच चोळून टाकतात. कणीक, साखर आणि तूप सारख्या मापानं घेतात, त्यामुळे तूप राहणारच. नको असेल तर नाही म्हणण्यापेक्षा "थोडा" म्हणा, चिमूटभर देतील. सासूबाईंना मधुमेह असेल तरी हेच. घेतलेला प्रसाद टाकायचा मात्र नाही.

किरण७९

आणि उशीर झाला तर? आम्ही पोचलो तेव्हा दुसरी लाव चालू होती.

नांदेडकर_सिंग

मग मधल्या वाटेनं मत्था टेकायला पुढे जाऊ नका, जोडीच्या फिरण्याच्या वाटेत याल. दाराशी हात जोडायचे आणि मागे बसायचं. मत्था नंतर टेकता येतो. अरदास चालू असताना आत आलात तर जिथे असाल तिथेच उभं राहायचं, ती संपेपर्यंत एक पाऊलही पुढे टाकायचं नाही. फोटो काढणाऱ्यांनाही हेच सांगा. फोनचा आवाज बंद ठेवून बसल्या जागेवरून एखाद-दुसरा फोटो काढला तर कोणी ओरडत नाही, पण फेरीच्या वाटेवर वाकून उभं राहिलेला पाहुणा हा आमच्या प्रत्येक लग्नाच्या अल्बममध्ये असतो.

मृणाल_सातारा

मैत्रिणीला फोन केला. खुर्च्या आहेत, डाव्या हाताला, बायकांच्या बाजूला. आनंद कारजनंतर लंगर तिथेच आणि रिसेप्शन रात्री दुसरीकडे. आता नवरा विचारतोय की रात्री तरी रुमाल काढायचा ना?

लुधियाना_रिटर्न

रात्री रुमाल काढा आणि भांगड्यासाठी बूट घट्ट बांधा. रात्रीच्या जेवणाची वेळ पत्रिकेत आठची असेल तर साडेदहा धरून चला, मुलाला आधी काहीतरी खाऊ घाला.

आबा_पेठकर

मृणाल, हुकमनाम्यात त्या दिवशी नामदेवांचं पद निघालं तर इथे येऊन सांग.